जुन्या बाजारात चालला, घरी चालेना: सेकंडहँड चार्जर आणि केबल घेण्याआधीची तपासणी

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. विक्रेत्याने चार्जर बोर्डात लावला, फोन जोडला, पडद्यावर विजेचं चिन्ह उमटलं आणि व्यवहार झाला. घरी आल्यावर मात्र रात्रभर लावूनही फोन पूर्ण भरत नाही, वायरला जरा धक्का लागला की चार्जिंग जातं, किंवा अर्ध्या तासात पिन इतकी तापते की बोट ठेववत नाही. मग दोष चार्जरचा, केबलचा की आपल्याच फोनचा, यावर घरात वाद सुरू होतो.

मुळात विजेचं चिन्ह दिसणं ही तपासणीच नव्हे. केबलमधून अगदी थोडा करंट पोहोचला तरी फोन ते चिन्ह दाखवतो. झिजलेला संपर्क, आतून तुटत आलेली तार, वय झालेला चार्जर या सगळ्यांना थोडा करंट सहज झेपतो. त्यांची खोड दिसते ती दोन-तीन अँपिअर करंट काही मिनिटं सलग वाहायला लागल्यावर. म्हणून जुन्या मालाची पारख करताना दोन गोष्टी सांभाळायच्या: तपासणी भार टाकून करायची, आणि चार्जर व केबल वेगवेगळे तपासायचे. विक्रेता दोन्ही एकत्र जोडून देतो तेव्हा ‘चालतंय’ एवढंच कळतं. कशाच्या जोरावर चालतंय ते कळत नाही.

यासाठी घरून निघताना स्वतःचा खात्रीचा चार्जर, खात्रीची केबल आणि ३० ते ५० टक्के बॅटरी असलेला फोन सोबत घ्या. बॅटरीच्या आकड्याला कारण आहे. बॅटरी भरत आली की फोन स्वतःहून करंट कमी करतो. ९० टक्क्यांवरच्या फोनला उत्तम चार्जर लावला काय आणि मरतुकडा लावला काय, दोन्ही सारखेच वागतात. विक्रेत्याचा दाखवायचा फोन दिवसभर चार्जिंगलाच असतो, हेही लक्षात असू द्या. छोटा यूएसबी मीटर असेल तर फारच छान. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा असतो, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. नसला तरी पुढचं बरंचसं काम होतं.

आधी चार्जर, तोही बोर्डात न लावता

केबलच्या बाबतीत थोडी तडजोड चालते, चार्जरच्या बाबतीत अजिबात नाही. केबलमध्ये साधारण ५ ते २० व्होल्ट असतात. चार्जरच्या पोटात मात्र घरातली पूर्ण दाबाची वीज येते, आणि तिच्यात व तुमच्या हातातल्या फोनमध्ये आडवं येतं ते आतलं इन्सुलेशन आणि बाहेरचं प्लास्टिक. त्यामुळे कवचाला तडा गेलेला, कोपरा फुटलेला किंवा टेप गुंडाळलेला चार्जर हातात आला की तो तिथेच परत ठेवायचा. ‘आतून ओके आहे’ हे वाक्य ऐकायलाही थांबू नये.

कवचाच्या दोन अर्धांची जी सांध्याची रेघ असते तिच्यावरून नख फिरवा. कारखान्यात हे दोन भाग सहसा कायमचे सांधलेले असतात, त्यामुळे रेघ सगळीकडे सारखी लागते. नख कुठे अडकलं, रेघेवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे दिसले किंवा वाळलेल्या गोंदाचा चकचकीत पट्टा दिसला, तर चार्जर कुणीतरी उघडलेला आहे. उघडून नेमकं काय केलं हे तुम्हाला बाहेरून कधीच कळणार नाही. दुरुस्ती चांगलीही असेल, पण ती पडताळता येत नाही, म्हणून मी असा चार्जर घेत नाही.

मग बोर्डात जाणाऱ्या पिना. एकेक पिन चिमटीत धरून हलवायची. चांगल्या चार्जरची पिन प्लास्टिकमध्ये घट्ट रुतलेली असते. घडी होणाऱ्या पिना थोड्या हलतात, ते चालतं, पण उघडल्यावर त्या खटकन जागेवर बसल्या पाहिजेत. पिनेच्या मुळाशी प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं, किंचित वितळून फुगलेलं किंवा पिनेवरच काळे खड्डे पडलेले दिसले, तर तो चार्जर ढिल्या सॉकेटमध्ये ठिणग्या खात राहिलेला आहे. इथे वासही घ्यायचा. अक्षरशः नाकाजवळ नेऊन. जळक्या प्लास्टिकचा वास प्लास्टिक पुसून जात नाही.

कानाजवळ धरून हलवा. आत काहीतरी खुळखुळत असेल तर सुटलेला भाग आहे, आणि तो घरच्या विजेच्या बाजूला सुटलेला आहे की फोनच्या, हे सांगता येत नाही. नको.

आता लेबल. हे लोक सर्वात कमी वाचतात आणि मला यातच सर्वात जास्त मजा येते, कारण लेबलवरचं गणित बनावट माल बनवणाऱ्यांना अनेकदा जमत नाही. ‘इनपुट’पुढे १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर चार्जर कुठेही चालतो. फक्त १००–१२० असेल आणि तुमच्याकडे वीज २३० व्होल्टची असेल, तर तो बोर्डात लावायचासुद्धा नाही. ‘आउटपुट’च्या ओळीत व्होल्ट आणि अँपिअरच्या जोड्या असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. समजा लेबलवर मोठ्या अक्षरात ६५ वॅट आहे आणि ओळी आहेत ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. शेवटची जोडी २० गुणिले ३.२५ म्हणजे बरोबर ६५. हिशेब जुळला. पण वर ६५ आणि खाली सर्वात मोठी जोडी ५ व्होल्ट २ अँपिअर असेल, तर तो १० वॅटचाच चार्जर आहे, ६५ हा आकडा शोभेचा. लेबल जुळलं म्हणून चार्जर अस्सल ठरत नाही. जुळलं नाही तर मात्र पुढे तपासायची गरजच उरत नाही.

गोल पिनेचा जुना लॅपटॉप चार्जर घेत असाल तर नियम थोडा वेगळा. तिथे चार्जर आणि लॅपटॉप आपापसात काही ठरवत नसल्याने व्होल्ट लॅपटॉपच्या लेबलशी जुळलेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत, आणि गोल चिन्हातली अधिक-उणे खूण दोन्हीकडे सारखी हवी. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही.

केबल: टोकापासून दोन बोटं

केबल मधल्या भागात क्वचितच मरते. ती मरते जिथे लवचीक वायर संपून कडक पिनेचं बूड सुरू होतं तिथे, म्हणजे दोन्ही टोकांपासून दोन-तीन बोटांच्या अंतरात. रोजचा वाक तिथेच पडतो. म्हणून वेटोळं उलगडून केबल किती स्वच्छ दिसते ते बघण्यात वेळ घालवू नका, थेट टोकं हातात घ्या.

पिनेचं बूड एका हाताच्या चिमटीत धरा, दुसऱ्या हाताने वायर हळूच मागे ओढा. आवरण बुडातून सरकून बाहेर येत असेल आणि आत जाळीची चंदेरी तार किंवा लाल-काळ्या तारा डोकावत असतील, तर केबल संपत आली. बूड जागेवर असेल तर वायर बोटांच्या टोकांनी दाबत दाबत बुडापासून पुढे जा. चांगली केबल सगळीकडे सारखी लागते. आतल्या तारा तुटलेल्या ठिकाणी ती अचानक मऊ, पोकळ वाटते. तिथे वायर चटकन काटकोनात मोडते, तर शेजारचा भाग गोलाईत वळतो. कधी उलटं असतं, एखादी गाठ लागते. तार आत मोडून गोळा झालेली असते. कापडी विणीच्या केबलमध्ये वरचं कापड शाबूत राहून आतला हा प्रकार लपतो, त्यामुळे तिथे डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. टोकाशी उष्णतेने आकसणारी नळी चढवलेली असेल तर ती मालकाने काळजीपोटी चढवली की तडा झाकायला, हे वाकवून बघितल्याशिवाय कळत नाही.

केबल हाताला चिकट लागत असेल तर आवरणाचं प्लास्टिक वयाने खराब होतंय. आज चालेल, काही महिन्यांत तडकेल.

मग पिनेचं तोंड. दुसऱ्या फोनच्या टॉर्चने सरळ आत उजेड टाका. टाइप-सी पिनेच्या आत वर-खाली बारीक सोनेरी स्प्रिंगसारख्या पट्ट्यांच्या दोन रांगा दिसतात. सगळ्या एका रेषेत आणि एकाच रंगाच्या असाव्यात. मधली एखादी पट्टी काळी पडली असेल, दबून मागे गेली असेल किंवा हिरवट पूड जमली असेल, तर केबल परत. हिरवट म्हणजे ओल लागून तांबं गंजलेलं. काळं म्हणजे तिथे ठिणगी किंवा उष्णता होऊन गेली. पिनेचं बाहेरचं धातूचं कवच लंबगोल असतं. ते चेपून वेडंवाकडं झालं असेल किंवा त्याच्या जोडाची फट उघडली असेल, तर ती पिन तुमच्या फोनचं सॉकेटही सैल करेल. केबल स्वस्तात गेली आणि सॉकेट महागात पडलं, असा तो सौदा.

आत नुसता कापसासारखा मळ असेल तर तो दोष नव्हे. कोरड्या लाकडी काडीने, चार्जरमधून काढलेल्या स्थितीत, काढून टाका आणि पुन्हा बघा. मळाखाली काय आहे ते महत्त्वाचं.

भार टाकून दहा मिनिटं

नजरेची तपासणी पार झाली की अदलाबदल करायची. विक्रेत्याचा चार्जर आणि तुमची केबल. मग तुमचा चार्जर आणि विक्रेत्याची केबल. दोन्हीत फोन नेहमीसारखा चार्ज होत असेल आणि फोनवर नेहमीचीच जलद चार्जिंगची सूचना येत असेल, तरच दोन्ही एकत्र लावून बघायचं. पहिल्या जोडीत सूचना गेली तर चार्जर संशयित, दुसऱ्या जोडीत गेली तर केबल. एवढ्या साध्या अदलाबदलीने निम्मे वाद तिथेच मिटतात.

एक अपवाद सांगून ठेवतो. काही कंपन्यांचं स्वतःचं वेगळं जलद चार्जिंग फक्त त्यांच्याच चार्जर आणि त्यांच्याच केबलवर चालतं. तुमचा फोन तसा असेल तर सूचना न येणं हा दोष नव्हे, फक्त जोडी जमत नाही.

प्रत्येक जोडी लावल्यावर फोन हातात न धरता खाली ठेवा, पडदा बंद करा, आणि केबलचं एकेक टोक हळूच वर-खाली, डावी-उजवीकडे वाकवा. जोर लावायचा नाही. रोज उशीखाली किंवा टेबलाच्या कडेला जेवढा वाक पडतो तेवढाच. पडदा उजळला किंवा चार्जिंगचा आवाज पुन्हा वाजला, म्हणजे जोडणी क्षणभर तुटून परत लागली. हा आवाज ऐकू यावा म्हणून फोन सायलेंटवर ठेवू नका.

मग दहा मिनिटं थांबायचं. इथे बहुतेक लोक लाजतात. ‘दादा, दहा मिनिटं लावून ठेवतो, चालेल ना?’ एवढं विचारलं की पुरतं. माल चांगला असेल तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. दहा मिनिटांनी आधी चार्जरच्या अंगाला हात लावा, मग केबलच्या दोन्ही पिनांना. चार्जरचं अंग कोमट ते बऱ्यापैकी गरम होणं साहजिक आहे, विशेषतः आकाराने लहान आणि वॅटने मोठा असेल तर. पिनेचं तसं नाही. पिन कोमट झाली तर ठीक, पण वायर थंड आणि फक्त पिन चटका देत असेल तर तिथला संपर्क झिजलेला आहे.

असं का, ते आकड्यांत बघा. झिजलेल्या संपर्काचा रोध समजा ०.१ ओहम झाला. ३ अँपिअर वाहत असताना तिथे ३ गुणिले ३ गुणिले ०.१, म्हणजे ०.९ वॅट उष्णता तयार होते. एक मीटर वायरमध्ये पसरली असती तर जाणवलीही नसती. इथे ती टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत साठते, तापल्यावर स्प्रिंग आणखी ढिली पडते, रोध वाढतो, उष्णता वाढते. म्हणून हळू चार्जिंग हा गैरसोयीचा दोष आहे आणि गरम पिन हा धोक्याचा. दोन्हींतून एकच निवडायची वेळ आली तर हळू केबल घ्या.

दहा मिनिटांत चार्जरमधून चटचट आवाज आला तर लगेच बोर्डाचं बटण बंद करा, मग तो काढा. बारीक सूं असा स्वर काही चांगल्या चार्जरमधूनही येतो, विशेषतः भार कमी असताना. त्यावरून मी चार्जर नाकारत नाही.

हळू चार्जिंग: केबल पातळ आहे की झिजलेली?

केबलच्या आवरणावर बारीक अक्षरांत कधी कधी २८/२४ असा आकडा आणि पुढे एडब्ल्यूजी छापलेलं असतं. पहिला आकडा डेटाच्या तारांचा, दुसरा विजेच्या तारांचा. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २४ची तांब्याची तार मीटरला सुमारे ०.०८ ओहम रोध देते, २८ची सुमारे ०.२१. वीज जाऊन परत येते म्हणून एक मीटर केबलमध्ये दोन मीटर तार धरायची.

आता ५ व्होल्टवर २ अँपिअर घेणारा फोन घ्या. विजेच्या तारा २४च्या असतील तर केबलमध्ये सुमारे ०.३ व्होल्ट खर्च होतात आणि फोनपाशी ४.७ पोहोचतात. फोन खूश. विजेच्या ताराही २८च्याच असतील तर सुमारे ०.८५ व्होल्ट खर्च होऊन ४.१५ उरतात. भरत आलेल्या बॅटरीचा स्वतःचाच दाब ४ व्होल्टच्या वर असतो, त्यामुळे फोन करंट कमी करत करत व्होल्टेज सावरायला बघतो. रात्रभर लावून फोन न भरण्यामागे बहुधा हाच प्रकार असतो. अशी केबल तुटलेली नसते, बनवतानाच पातळ बनवलेली असते.

मीटर असेल तर ओळखणं सोपं. आधी मीटर चार्जरपाशी लावून व्होल्ट वाचा, मग केबलच्या फोनकडच्या टोकाला लावून वाचा, करंट साधारण तेवढाच असताना. दोन आकड्यांतला फरक केबलने खाल्ला. २ अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर मी ती केबल घेतो. चार्जरपाशीच व्होल्ट ४.७५च्या खाली उतरत असतील तर केबलला दोष देऊ नका, चार्जरच दमलाय.

इथे एक चकवा आहे. जलद चार्जिंगमध्ये चार्जर ९ व्होल्ट देतो. तेव्हा तीच पातळ केबल ०.८५ व्होल्ट खाऊनही फोनपाशी आठच्या वर पोहोचवते, आणि फोन आनंदाने ‘जलद’ लिहितो. म्हणून मीटर नसेल तर केबल साध्या ५ व्होल्टच्या जुन्या चार्जरवरही लावून बघा. फोनमधलं करंट दाखवणारं ॲप वापरत असाल तर ते बॅटरीत शिरणारा करंट सांगतं, केबलमधला नाही. ९ व्होल्टवर केबलमधून २ अँपिअर येत असताना ॲपमध्ये ४ अँपिअरच्या आसपास आकडा दिसू शकतो. त्याने हुरळून जायचं नाही. त्याचा उपयोग तुलनेपुरता: तुमच्या चार्जर-केबलवर किती, विक्रेत्याच्या केबलवर किती.

लॅपटॉपसाठी केबल घेताना आणखी एक मर्यादा आहे. ओळख सांगणारी बारीक चिप नसलेली टाइप-सी केबल ३ अँपिअरपुरतीच धरली जाते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. १०० वॅटसाठी ५ अँपिअरची चिपवाली केबल लागते. ६५ वॅटचा चार्जर साध्या केबलवर ६० वॅटवर थांबला, तर तो बिघाड नाही.

एकाच बाजूने चार्ज होतं

टाइप-सीबद्दल सर्वात जास्त गैरसमज असलेली तक्रार हीच. पिन एका बाजूने घातली की चार्जिंग सुरू, उलटी घातली की बंद. सगळे केबल बदलतात आणि तक्रार तशीच राहते.

माझ्या मावसभावाने जुन्या बाजारातून वर सांगितलेल्याच आकड्यांचा ६५ वॅटचा चार्जर आणि सोबतची केबल घेतली. तिथे फोनवर लावून बघितली होती, चालली. घरी लॅपटॉप कधी चार्ज व्हायचा, कधी नाही. त्याने नवी केबल आणली. पुन्हा तेच. मग लॅपटॉपचं सॉकेट गेलं असं ठरवून तो दुरुस्तीला टाकायला निघाला होता. तेव्हा आम्ही एकेक टोक वेगळं फिरवून बघितलं. लॅपटॉपकडची पिन उलटसुलट घातली तर काही फरक पडत नव्हता. चार्जरकडची पिन एका बाजूने घातली की दर वेळी चार्जिंग, दुसऱ्या बाजूने घातली की दर वेळी काहीच नाही. जुन्या केबलने आणि नव्या केबलनेही हेच.

उलगडा टाइप-सीच्या रचनेत आहे. चार्जर आणि लॅपटॉप किती व्होल्ट द्यायचे-घ्यायचे ते एका वेगळ्या तारेवरून ठरवतात. केबलच्या पिनेत त्या तारेचा संपर्क एकाच रांगेत असतो. सॉकेटमध्ये मात्र त्यासाठी दोन जागा असतात, सॉकेटच्या मधोमध जी पातळ जीभ असते तिच्या दोन बाजूंना एकेक, म्हणून पिन कशीही घातली तरी चालते. आता केबलमधला तो एकमेव संपर्क मेला तर पिन कशीही फिरवा, काहीच चालणार नाही. एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, याचा अर्थ केबलचा संपर्क ठीक आहे आणि सॉकेटच्या दोन जागांपैकी एक मेली आहे. म्हणजे एकाच बाजूने चालणं हा बहुतेक वेळा सॉकेटचा दोष असतो. पिनेचं कवच वाकल्यामुळे ती एका बाजूने सैल बसत असेल तर केबलही दोषी असू शकते, पण मग ते दुसऱ्या सॉकेटमध्येही दिसतं.

चार्जर बोर्डातून काढून टॉर्च लावला तर मधल्या जिभेच्या एका बाजूला एक पट्टी काळी पडलेली आणि तिच्या शेजारचं प्लास्टिक किंचित खरवडलेलं होतं. बाजारात फोन लावताना पिन योगायोगाने चांगल्या बाजूने गेली होती, एवढंच. पिनेवर ठिपका काढून नेहमी त्याच बाजूने लावता आली असती, आणि त्याचा विचारही तोच होता. पण काळी पट्टी म्हणजे तिथे ठिणग्या झालेल्या, आणि त्या सॉकेटमधून २० व्होल्टवर तीन अँपिअरच्या वर करंट जाणार. चार्जर परत केला. विक्रेत्याला दोन्ही बाजूंनी लावून दाखवल्यावर त्याने फार हुज्जत घातली नाही.

म्हणून बाजारातच चारही प्रकारे लावून बघा: चार्जरकडची पिन सुलट आणि उलट, फोनकडची सुलट आणि उलट. मिनिटभराचं काम आहे. एका टोकाचा फरक पडला तर तीच गोष्ट तुमच्या खात्रीच्या केबलने करून बघा. तरीही फरक राहिला तर त्या टोकाचं सॉकेट दोषी. फोनकडच्या टोकाला असं झालं तर विक्रेत्याला दोष देण्याआधी आपल्या फोनच्या सॉकेटमधला मळ काढा.

चार्जिंगला असताना पडदा वेडा होतो

कधी चार्जर भरपूर करंट देतो, तापत नाही, पण फोन लावलेला असताना पडद्यावर बोट एकीकडे आणि टिचकी भलतीकडे. जुन्या किंवा स्वस्तात बनवलेल्या चार्जरमधले वीज गुळगुळीत करणारे भाग कमकुवत असतात आणि आउटपुटमध्ये गोंगाट येतो. तो पडद्याच्या स्पर्शयंत्रणेला गोंधळात टाकतो.

तपासायला सोपं आहे. चार्जिंग चालू असताना चित्र काढायचं किंवा टिपण लिहायचं ॲप उघडा आणि बोटाने एक सावकाश तिरकी रेघ ओढा. चांगल्या चार्जरवर ती सलग येते. खराब चार्जरवर ती थरथरते, तुटते किंवा मध्येच बाजूला उडी मारते. मग त्याच बोर्डात तुमचा चार्जर लावून तीच रेघ ओढा. दोन्हीकडे थरथरली तर दोष बोर्डाचा किंवा फोनचा, फक्त विक्रेत्याच्या चार्जरवर थरथरली तर चार्जरचा.

धातूच्या कडेच्या फोनला चार्जिंग चालू असताना किंचित झिणझिण्या येणं दोन पिनांच्या चांगल्या चार्जरवरही होतं. टोचल्यासारखा झटका बसला तर बटण बंद करून विषय संपवा, पुन्हा हात लावून खात्री करायला जाऊ नका.

घरी आल्यावर

बाजारातल्या दहा मिनिटांत सगळं कळत नाही. ज्या बिघाडाला तापून यायला तासभर लागतो, तो तिथे दिसणार नाही. म्हणून पहिले काही वेळा तुम्ही जागे असताना, कडक पृष्ठभागावर, पांघरूण-उशीपासून दूर लावा आणि तासाभराने पिना तपासा. एडीबी म्हणजे संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचं साधन; त्याने फोन संगणकाला वाय-फायवरून जोडता येत असेल, तर चार्जर लावलेला असताना हे चालवा:

```
adb shell dumpsys battery
```

येणाऱ्या यादीत `Max charging current` आणि `Max charging voltage` या ओळी बघा. आकडे मायक्रोमध्ये असतात, म्हणजे 3000000 म्हणजे ३ अँपिअर आणि 5000000 म्हणजे ५ व्होल्ट. हे चार्जरने देऊ केलेलं प्रमाण असतं, प्रत्यक्ष वाहणारा करंट नव्हे, आणि काही फोन इथे शून्यच दाखवतात. पण जिथे आकडा येतो तिथे खात्रीच्या चार्जरवर ९ व्होल्ट आणि नव्याने आणलेल्या चार्जरवर फक्त ५ असा फरक चटकन दिसतो. तसा फरक दिसला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत केबल बदलून एकदा तपासा आणि मग निघा.

चार्जर घरी उघडून बघायच्या फंदात मात्र पडू नका. बोर्डातून काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ जोरदार झटका देण्याइतकी वीज साठलेली राहू शकते.